बाह्यकोनाच्या ‘सोप्या युक्त्या’ आणि वीस रुपयांचे नाणे

«सुसम बहुभुजाकृतीचे कोन काढायच्या सोप्या युक्त्या. एक : बाह्यकोन हवा असेल तर ३६० मधून आंतरकोन वजा करा. दोन : मध्यबिंदूपासून जितक्या बाजू तितके त्रिकोण होतात, म्हणून आंतरकोनांची बेरीज = बाजू × १८०. तीन : बाजू वाढल्या की आंतरकोनांप्रमाणे बाह्यकोनांचीही बेरीज वाढते. चार : ३६० ला बाजूंनी भागा, कोणत्याही बहुभुजाकृतीचा बाह्यकोन मिळेल.»

विद्यार्थी आणि पालकांच्या गटांत फिरणाऱ्या या संदेशातली एकही युक्ती जशी लिहिली आहे तशी बरोबर नाही. मात्र प्रत्येकीत थोडेसे खरे मिसळलेले असल्यामुळे ती पटकन पटते. तपासण्यासाठी वीस रुपयांचे नाणे घेऊ. २७ मिलिमीटर व्यासाचे हे नाणे गोल नाही, त्याला बारा समान बाजू आहेत. आधी दुसरी युक्ती पाहू, कारण आंतरकोनच चुकला तर पुढचे सगळेच चुकते.

नाण्याच्या मध्यबिंदूपासून बाराही शिरोबिंदूंपर्यंत रेषा काढल्या तर बारा त्रिकोण मिळतात, आणि त्यांच्या सर्व कोनांची बेरीज १२ × १८० म्हणजे २१६०° होते, इथपर्यंत संदेश बरोबर आहे. पण या बेरजेत मध्यबिंदूभोवतीचे बारा कोनही आले, आणि ते नाण्याच्या कोणत्याही कोपऱ्यात नाहीत. ते मिळून ३६०° होतात. ते वजा केले की उरतात १८००°, आणि बाराने भागले की प्रत्येक आंतरकोन १५०° येतो. n बाजूंसाठी हेच n × १८० − ३६०, म्हणजे (n − २) × १८० असे लिहिता येते.

ही वजाबाकी कोठून येते हे नीट समजायचे असेल तर तो बिंदू सरकवून पाहावा. बिंदू एखाद्या बाजूवर, दोन शिरोबिंदूंच्या मधे घेतला तर त्या बाजूचा त्रिकोण होत नाही, त्यामुळे त्रिकोण अकराच होतात. त्यांची बेरीज १९८०°, आणि त्या बिंदूपाशी फक्त सरळ कोन असल्याने वजा करायचे १८०°, म्हणजे पुन्हा १८००°. बिंदू थेट एका शिरोबिंदूवर नेला तर तेथून नऊ कर्ण निघतात आणि दहा त्रिकोण होतात. त्या शिरोबिंदूला लागून असलेल्या दोन बाजूंचे त्रिकोण होत नाहीत, म्हणून बारातून दोन कमी. इथे जादा असा एकही कोन नसल्याने काहीच वजा करावे लागत नाही, आणि १० × १८० हे उत्तर सरळ हाती येते. सूत्रातला ‘वजा दोन’ पाठ करण्यापेक्षा हे तीन प्रकार एकदा कागदावर काढून पाहणे मला अधिक भरवशाचे वाटते.

संदेशातले सूत्र चुकीचे आहे हे कोनमापकाशिवायही कळते. बाजू × १८० ला बाजूंच्याच संख्येने भागले की प्रत्येक आंतरकोन १८०° येतो, मग बाजू तीन असोत वा बारा. कोपऱ्यात १८०° असेल तर तो कोपराच नव्हे. रेषा वळणारच नाही आणि आकृती कधी बंदच होणार नाही.

आता पहिली युक्ती. शिरोबिंदूभोवती एकूण ३६०° असतात हे खरे, आणि नाण्याच्या कोपऱ्याबाहेर उरलेला भाग २१०° चा आहे हेही खरे. पण भूमितीत त्याला बाह्यकोन म्हणत नाहीत. एक बाजू शिरोबिंदूच्या पुढे वाढवली असता ती वाढवलेली रेषा आणि लगतची बाजू यांच्यात होणारा कोन म्हणजे बाह्यकोन. तो आणि आंतरकोन ही रेषीय जोडी असल्याने वजाबाकी १८० मधून होते : १८० − १५० = ३०°. कोणती बाजू वाढवायची याने फरक पडत नाही, कारण तेथे होणारे दोन बाह्यकोन परस्परविरुद्ध आणि म्हणून समान असतात. बेरीज करताना मात्र प्रत्येक शिरोबिंदूपाशी एकच धरायचा.

खात्री करायची असेल तर नाणे कागदावर ठेवून टोकदार पेन्सिलीने त्याची कड गिरवावी. एकेक बाजू जेमतेम सात मिलिमीटरची असल्याने कोनमापक थेट लावून उपयोग नाही. पट्टी एका बाजूला जुळवून रेषा दहा सेंटिमीटरपर्यंत वाढवावी, लगतची बाजूही त्याच दिशेने तितकीच वाढवावी आणि मग मोजावे. इतक्या लहान बाजूला पट्टी जुळवताना एक-दोन अंशांचा फरक पडतोच, त्यामुळे २९ किंवा ३१ आले तरी बिघडत नाही. पण १५० आले तर कोनमापकावरच्या दोन आकड्यांच्या ओळींपैकी चुकीची ओळ वाचली आहे असे समजावे. चारपेक्षा अधिक बाजू असलेल्या सुसम बहुभुजाकृतीचा बाह्यकोन लघुकोनच असतो.

तिसरी युक्ती फार वेळ घेण्यासारखी नाही. प्रत्येक शिरोबिंदूपाशी आंतरकोन आणि बाह्यकोन मिळून १८०°, म्हणून n शिरोबिंदूंपाशी n × १८०. त्यातून आंतरकोनांचे (n − २) × १८० गेले की २ × १८०, म्हणजे ३६०° उरतात, आणि n त्यातून नाहीसा झालेला असतो. समभुज त्रिकोणात १२०° चे तीन, चौरसात ९०° चे चार, सुसम षटकोनात ६०° चे सहा आणि आपल्या नाण्यात ३०° चे बारा बाह्यकोन असतात. प्रत्येक वेळी बेरीज तीच. कड गिरवताना पेन्सिल प्रत्येक कोपऱ्यावर बाह्यकोनाइतकीच वळते, आणि सुरुवातीच्या जागी परत येऊन पहिल्याच दिशेला लागेपर्यंत तिचा एकच पूर्ण फेरा होतो. बाजू वाढल्या की वळणे अधिक आणि लहान होतात, एवढेच.

चौथ्या युक्तीतला भागाकार बरोबर आहे. चूक आहे ती ‘कोणत्याही’ म्हणण्यात. ३६० ही बेरीज आहे, आणि तिचे समान वाटे तेव्हाच करता येतात जेव्हा सर्व कोन समान असतात. बाजू समान असणे पुरेसे नाही. ज्या समभुज चौकोनाचे कोन ७०° आणि ११०° आहेत, त्याचे बाह्यकोन ११०, ७०, ११०, ७० येतात. बेरीज ३६०, पण एकही ९०° चा नाही. उलट आयताच्या बाजू असमान असूनही तेथे भागाकार चालतो, कारण त्याचे चारही कोन समान असतात.

हाच भागाकार उलटा करून बाजूंची संख्या काढायला सांगतात, आणि तेथे एक खबरदारी हवी. बाह्यकोन ५०° दिला तर ३६० ÷ ५० = ७.२ येते, म्हणजे अशी सुसम बहुभुजाकृती नाही. पण कोन पूर्णांकात न येणे हा दोष नव्हे : सुसम सप्तकोनाचा बाह्यकोन ३६०/७, म्हणजे ५१ पूर्णांक ३/७ अंश असतो आणि ती आकृती अस्तित्वात असते. पूर्णांक असावी लागते ती बाजूंची संख्या.

राहिली आत वळलेला कोपरा असणारी आकृती, जी सुसम असूच शकत नाही. समजा एका चौकोनाचे आंतरकोन २४०, ५०, ४० आणि ३० आहेत. बेरीज ३६०, म्हणजे (n − २) × १८० इथेही टिकते. बाह्यकोन १८० मधून वजा करून काढले तर −६०, १३०, १४० आणि १५० मिळतात. उणे चिन्हाचा अर्थ त्या कोपऱ्यावर पेन्सिल उलट दिशेला वळते असा आहे, आणि ते चिन्ह जपले तरच बेरीज ३६० येते. गाळले तर ४८० होईल.