मुलाला गाडीवरून शाळेत सोडताना किलोमीटर मोजू नका, उजवे टर्न मोजा

दर जूनमध्ये सोसायटीच्या ग्रुपवर तोच विषय सुरू होतो, शाळेत सोडायला कुठून जायचं, आणि उत्तरं पण ठरलेली, "अगं आतून जा, पाच मिनिटं वाचतात", "मॅपवर टाक ना, निळी लाईन दाखवेल तिकडून जा". मला हे पटत नाही. मॅपला काय कळतं, तर वेळ. टू-व्हीलरचा मोड टाकला तर तो अजून बोळकांडातून नेतो. मागे सात वर्षांचा पोरगा बसलाय, त्याच्या पाठीवर दप्तर आहे आणि सिग्नल नसलेल्या चौकात समोरून टेम्पो येत असताना आपल्याला उजवीकडे वळायचंय, हे त्या निळ्या लाईनीत कुठंच नसतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की मुलाला घेऊन जायचा रस्ता निवडताना पहिला प्रश्न हा की वाटेत उजवे टर्न किती, आणि त्यातले सिग्नलशिवायचे किती. अंतर, वेळ, खड्डे हे सगळं त्याच्यानंतर. आपल्याकडे गाड्या डावीकडून चालतात म्हणून डावा टर्न आपल्याच बाजूने कडेकडेने होतो, समोरून येणाऱ्याला आडवं जावं लागत नाही. उजव्या टर्नला आधी मधल्या लेनला यायचं, मग रस्त्याच्या मधोमध थांबायचं, एक पाय जमिनीवर, समोरच्यांच्यात फट शोधायची, मागून हॉर्न, आणि फट मिळाली की झटकन ॲक्सिलरेटर. स्कूटर सगळ्यात जास्त डळमळते ती थांबताना आणि निघताना, आणि मूल नेमकं तेव्हाच वळून बघतं, "आई तो बघ कुत्रा". मागचं वजन हललं की आपला हात हलतो. एकटं असताना हे सांभाळता येतं हो, रोज सांभाळतोच आपण. मूल मागे असताना कशाला रोज ती परीक्षा द्यायची?

(उजवीकडचा बाण हिरवा होऊन समोरचे सगळे थांबतात तसा सिग्नल असेल तर तो टर्न मी धोक्यात धरत नाही. मी बोलतेय ते फट बघून घ्यायच्या टर्नबद्दल.)

आता आमचंच उदाहरण सांगते, पुण्यातल्या कर्वेनगर-एरंडवण्याच्या लोकांना लगेच कळेल. घर कर्वेनगरात राजाराम पुलाच्या बाजूला, शाळा एरंडवण्यात, म्हणजे कर्वे रोड आणि नदी यांच्यामधे. शाळेचं नाव सांगत नाही, गरज नाही. सरळ रस्ता म्हणजे कर्वे पुतळा, तिथून कर्वे रोडने डेक्कनच्या दिशेला, आणि मग एरंडवण्यात शिरायला उजवीकडे. तो उजवा टर्न म्हणजे सकाळी ऑफिसवाले, कॉलेजवाले, पीएमपीच्या बसेस, वर मेट्रो आणि फ्लायओव्हर, त्याच्या खांबांच्या आडून कोण येतंय ते टोकापर्यंत दिसत नाही. शिवाय तिथले टर्न कधी चालू कधी बंद, बॅरिकेड आज इथे उद्या तिथे.

दुसरा रस्ता म्हणजे राजाराम पुलाच्या चौकात डावीकडे वळून डीपी रोड, तोच तो मंगल कार्यालयांचा, नदीच्या कडेने म्हात्रे पुलापर्यंत, तिथे सिग्नलला डावीकडे मेहेंदळे गॅरेजच्या दिशेला, आणि शाळेच्या गल्लीत परत डावीकडे. नकाशा डोळ्यासमोर आणा, नदी सतत उजव्या हाताला राहते आणि आपण फक्त डावीकडे वळत जातो. तीन-चार मिनिटं जास्त लागतात. पण रस्त्याच्या मधोमध पाय टेकून थांबायची वेळ एकदाही येत नाही.

खरी गंमत परतीला आहे, आणि ही गोष्ट फार कुणी लक्षात घेत नाही. जाताना जो रस्ता डाव्या टर्नचा, तोच उलटा आलात की सगळे टर्न उजवे होतात! म्हात्रे पुलाला उजवीकडे, राजाराम पुलाला उजवीकडे, आणि दुपारी पोरगा दमलेला, अर्धा झोपेत. म्हणून आम्ही परत येताना डीपी रोड धरतच नाही. शाळेतून निघून कर्वे रोडला डावीकडे लागायचं, कोथरूडच्या दिशेला, आणि पुढे कर्वेनगरात शिरायला पण डावीकडेच. मधे आतल्या रस्त्यावर एक उजवा टर्न येतो पण तिथे सोसायट्यांच्याच गाड्या असतात, त्या पण हळू. म्हणजे जाताना नदीकडून, येताना कर्वे रोडने, असा एक गोल. सकाळी जो कर्वे रोड नको वाटतो तो दुपारी उलट्या दिशेला बराच बरा असतो. नवऱ्याचं म्हणणं, "उगाच काय प्रदक्षिणा घालतेस?" हो, घालते. उलटीच घालते, देवळात चालणार नाही पण रस्त्यावर चालते.

आता "कमी ट्रॅफिक" या शब्दावर माझा जरा राग आहे, कारण कमी ट्रॅफिक म्हणजे सेफ असं नसतं. डीपी रोड मोकळा असतो म्हणूनच तिथे काही जण विमान उडवल्यासारखे जातात. कर्वे रोडवर जाममधे कुणाचा धक्का लागला तर आरसा तुटेल, मोकळ्या रस्त्यावर लागला तर विषय वेगळा. म्हणून तिथे आम्ही डाव्या कडेला, तिशीच्या आसपास, आणि मागून कोणी हॉर्न मारला तर जा बाबा पुढे. पण अगदी कडेलाही नाही, कारण कार्यालयांच्या बाहेर उभ्या असलेल्या गाड्यांची दारं कधीही उघडतात, तेवढं एका दाराएवढं अंतर सोडूनच चालवायची. लग्नाचा दाट मुहूर्त असला की सकाळपासूनच तिथे बस आणि डेकोरेशनचे टेम्पो लागतात, त्या दिवशी दहा मिनिटं लवकर निघायचं.

डाव्या टर्नचाही एक सापळा आहे, तो नीट सांगते. बस किंवा ट्रक डावीकडे वळत असेल आणि त्याच्या डाव्या बाजूला फट दिसली तर त्या फटीत कधीही घुसायचं नाही. लांब गाडीची मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत, ती आतून, म्हणजे कोपऱ्याच्या जास्त जवळून वळतात. सुरुवातीला स्कूटर जाईल एवढी वाटणारी जागा टर्नच्या मध्यावर उरतच नाही, आणि ड्रायव्हरला आपण त्या बाजूला दिसत पण नाही. म्हात्रे पुलाच्या सिग्नलला बस पुढे असेल तर आम्ही तिच्या मागे थांबतो, शेजारी नाही. मागचे ओरडतात. ओरडू देत.

रस्ता ठरवायचा तर आधी एकटं जाऊन बघा, पण रविवारी नाही. रविवारी सगळेच रस्ते छान असतात. शाळेच्या दिवशी, शाळेच्याच वेळेला जायचं आणि बघायचं की तुम्हाला पाय कुठे टेकायला लागतो, ब्रेक कुठे जोरात दाबायला लागतो, पट्टे नसलेले स्पीडब्रेकर कुठे आहेत, चेंबरची झाकणं टर्नच्या बरोबर मधे कुठे आहेत. पावसात ते लोखंडी झाकण आणि झेब्राचे पांढरे पट्टे दोन्ही निसरडे, आणि गाडी झुकलेली असताना चाक त्यावर आलं की घसरलंच. टर्नला बांधकामाची वाळू सांडलेली असेल तर तो टर्न कितीही डावा असला तरी सोडून द्या.

आणि शेवटचे शंभर मीटर! माझ्या मते अख्ख्या रस्त्यात सगळ्यात वाईट भाग तोच. व्हॅनवाले काका रिव्हर्स घेतायत, रिक्षा तिरक्या लागल्यात, आणि आपलेच पालक, सुशिक्षित वगैरे, यू-टर्न वाचवायला पन्नास मीटर राँग साईडने येतायत, पुढे फूटबोर्डवर पोरगं उभं. याला मी घाई म्हणत नाही, सरळ निर्लज्जपणा म्हणते. गेट आपल्या डाव्या हाताला येईल अशाच बाजूने यायचं, कारण मूल डावीकडे उतरतं आणि उतरल्यावर ते फूटपाथवर असायला हवं, रस्त्यावर नाही. आणि गेटसमोर नाहीच थांबायचं, अलीकडे जिथे नीट जागा आहे तिथे गाडी लावायची, इंजिन बंद, आणि हात धरून चालत. इंजिन चालू ठेवून उतरवताना पोराचा हात किंवा दप्तराचा पट्टा ॲक्सिलरेटरला अडकला की गाडी उडी मारते.

दप्तरावरून आठवलं. जड दप्तर पाठीवर असेल तर गाडी निघाली की ते मुलाला मागे ओढतं. ते पुढे फूटबोर्डवर ठेवा, पण हँडल दोन्ही बाजूला पूर्ण फिरतंय ना ते बघून. आणि मूल मागेच, पुढे उभं नको, ब्रेक लागला की हँडलवर पहिलं तेच आपटतं. मागे बसल्यावर पाय फूटरेस्टला टेकतात का हे पण बघा, टेकत नसतील तर ते धरणार फक्त हातांनी, आणि हात सतत धरून ठेवणं लहान मुलाला जमत नाही.

"आतूनच तर जायचंय, हेल्मेट कशाला" हे वाक्य मला नकोय. चार वर्षांच्या वर हेल्मेट कायद्याने लागतंच. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी फेब्रुवारी २०२३ पासून नियम लागू आहे, चालवणाऱ्याला बांधायचा हार्नेस, हेल्मेट आणि वेग ताशी ४० च्या आत. हार्नेस मोठ्या झोपाळू मुलालाही वापरा, काही बिघडत नाही. मोठ्यांचं हेल्मेट मुलाला चालत नाही, ते डोळ्यावर येतं. डोक्याचा घेर टेपने मोजून आयएसआय मार्कचं घ्या आणि पट्टा लावून हेल्मेट मागून पुढे ढकलून बघा, निघून आलं तर साईज मोठी आहे.

पावसाळ्यात मात्र हा नदीकाठचा रस्ता भरवशाचा नाही. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की नदीजवळच्या सखल भागात पाणी यायला वेळ लागत नाही, २५ जुलै २०२४ ला पलीकडे एकता नगरीत काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय. त्यामुळे जुलै-ऑगस्टमधे सकाळी आधी विसर्गाचा आकडा बघायचा, वाढवलाय म्हणाले की डीपी रोड बंद. आणि त्या दिवशी कर्वे रोडचा तो उजवा टर्नही घ्यायचा नाही, सरळ पुढे जाऊन जिथे बाणाचा सिग्नल मिळेल तिथून वळायचं. नाहीतर शेजारच्या दोन मुलांबरोबर रिक्षा, पैसे तिघांत वाटून.

सिंहगड रोडवरून राजाराम पूल ओलांडून इकडच्या शाळांत येणाऱ्यांचं गणित मात्र उलटं आहे, त्यांना डीपी रोडला लागायलाच पुलावरून उजवीकडे वळावं लागतं. तिथून रोज येणारं कुणी असेल तर सांगा, आधी सरळ कर्वेनगरात शिरून मग आतून फिरून येता का?