‘कंपनीची वकिली’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

अमिरातीत नोकरी संपल्यावर ग्रॅच्युइटी कशी मोजतात, हे मी दुबईतल्या एका माणसाच्या उदाहरणाने लिहिलं होतं. त्यावर आलेली ही प्रतिक्रिया:

> «कंपनीची वकिली बंद करा. माझ्या मेहुण्याला सौदीत राहण्याच्या भत्त्यासकट पूर्ण पगारावर ग्रॅच्युइटी मिळाली, आणि तुम्ही दुबईतल्या माणसाला नुसत्या बेसिकवर बोळवताय. बिनपगारी रजेचा उल्लेख नाही, राजीनामा दिला की तिसरा हिस्साच हाती येतो हेही लपवलंत. आखातात कधी काम केलंय का?»

केलंय, साहेब. शारजात एका बांधकाम कंपनीत टाइमकीपर म्हणून लागलो आणि पुढे पगाराच्या टेबलावर बसलो. कॅम्पमधल्या माणसांचे शेवटचे हिशेब मी माझ्या हाताने मांडलेत, आणि ‘एवढेच?’ हा प्रश्नही समोर बसून ऐकलाय. कायद्यात लिहिलंय ते सांगणं ही वकिली असेल, तर फी अजून कुणी दिलेली नाही. ‘लपवलंत’ हा शब्द तर जरा जपून वापरायला हवा होता.

बिनपगारी रजेचं तुमचं म्हणणं रास्त आहे. ते दिवस नोकरीच्या काळातून वजा होतात. माझ्या उदाहरणातल्या माणसाने अशी रजा घेतलीच नव्हती, तरी एक ओळ टाकता आली असती. टाकतो.

आता मेहुण्यांकडे येऊ. सौदीचा कायदा वेगळा आणि अमिरातीचा वेगळा. सौदीत शेवटच्या पगारात भत्ते धरतात हे खरं. पण तिथे पहिल्या पाच वर्षांना वर्षाला अर्धा महिना आणि पुढच्या प्रत्येक वर्षाला एक महिना मिळतो. अमिरातीत पहिल्या पाच वर्षांना २१ दिवस आणि पुढे ३० दिवस, पण फक्त शेवटच्या बेसिकवर.

माझ्याच उदाहरणातला माणूस घ्या. एकूण पगार ३,०००, त्यात बेसिक १,८००, नोकरी सलग नऊ वर्षं. अमिरातीत पहिल्या पाच वर्षांचे १०५ दिवस आणि पुढच्या चार वर्षांचे १२०, मिळून २२५. दिवसाचं बेसिक ६० दिरहम, म्हणजे १३,५०० दिरहम. हाच माणूस सौदीत असता तर साडेसहा महिन्यांचे १९,५०० रियाल झाले असते. इथपर्यंत मेहुणे जिंकले. पण त्याने स्वतःहून राजीनामा दिला असेल तर? पाच वर्षांहून जास्त आणि दहाहून कमी नोकरीला सौदीत दोन तृतीयांशच मिळतं, म्हणजे १३,००० रियाल. रियाल आणि दिरहम जवळपास सारख्याच किमतीचे. पूर्ण पगार धरूनही अमिरातीपेक्षा कमी! मेहुण्यांना कंपनीने काढलं की त्यांनी सोडली, हे तुम्ही सांगितलंच नाहीत.

आणि बेसिकवर बोळवण म्हणता, तर बेसिकचा खरा डाव कुठे असतो तेही ऐका. हिशेब शेवटच्या बेसिकवर होतो आणि तेच बेसिक मागच्या सगळ्या वर्षांना लागतं. म्हणून आठव्या वर्षी ३०० दिरहमची वाढ मिळाली आणि ती बेसिकमध्ये पडली, तर नवव्या वर्षाअखेर त्या एका वाढीचे २,२५० दिरहम जास्त येतात. तीच वाढ ‘इतर भत्ता’ म्हणून दाखवली की ग्रॅच्युइटीत एक दिरहमही नाही. पगार हातात तेवढाच येतो, म्हणून कुणाचं लक्ष जात नाही.

उलटही होतं. माझ्या स्वतःच्या करारात नूतनीकरणाच्या वेळी एकूण आकडा तोच ठेवून बेसिक खाली आणलं होतं. पगाराच्या टेबलावर बसणारा मी, म्हणून सही करण्याआधी दिसलं. वरच्या माणसाचं बेसिक असंच १,८००चं १,२०० केलं तर १३,५०० चे थेट ९,००० होतात. नूतनीकरणाचा कागद समोर आला की एकूण आकड्याखालची बेसिकची ओळ जुन्या कराराशी ताडून पाहा. जुना करार हाताशी नसेल तर अमिरातीच्या कामगार मंत्रालयाच्या अ‍ॅपवर दिसतो. वाद त्या कागदावरच जिंकतात किंवा हरतात. ‘पूर्ण पगारावर द्या’ म्हणून भांडणारा माणूस मात्र ही ओळ न वाचताच सही करतो, हे मी पाहिलंय.

राजीनाम्याच्या तिसऱ्या हिश्शाबद्दल एवढंच, की तो अमिरातीच्या १९८० च्या कायद्यातला नियम होता, तोही बेमुदत करारावरच्या एक ते तीन वर्षांच्या नोकरीला. २ फेब्रुवारी २०२२ पासून नवा कायदा आहे आणि त्यात राजीनाम्यामुळे कपात होत नाही. तुम्ही ऐकलेलं जुनं आहे.

तुमच्या ओळखीत कुणी अमिरातीतून निघत असेल, तर नोकरी संपल्यापासून १४ दिवसांत सगळा हिशेब मिळायला हवा, हे त्याला सांगा. मिळाला नाही तर मंत्रालयात तक्रार करावी. मेहुण्यांची पावती तिथे चालणार नाही.