जावयालाही न विचारलेले प्रश्न

काल रात्री साडेदहा वाजता एका वधूच्या मामांनी व्हॉट्सॲपवर निशिगंधाच्या पडद्यांनी झाकलेल्या मंडपाचा फोटो पाठवून खाली फक्त 'किती?' असे लिहिले, आणि मी डेकोरेटर असल्याने नेहमीप्रमाणे पाच प्रश्न पाठवले: तारीख, कार्यालयाचे नाव, ताबा किती वाजता मिळणार, कोणकोणते विधी, आणि खर्चाचा अंदाज तीनपैकी कोणत्या गटात बसतो.

मामांचे उत्तर आले, "आम्ही जावयालासुद्धा इतके विचारले नाही."

मी शांतपणे लिहिले की जावई एकदाच येतो, फुले मात्र त्या दिवसाच्या बाजारभावाने येतात. त्यावर मामांनी तारीख 'तुळशीच्या लग्नानंतर', कार्यालय 'मोठे आहे', विधी 'सगळे' आणि खर्च 'तुमचा रेट कळला की ठरवू' अशी उत्तरे दिली. ताब्याचा प्रश्न त्यांनी गाळला. बहुतेक सगळेच गाळतात.

खरे तर किंमत तिथेच ठरते. सकाळची मुंज तीनला आटोपून हॉल चारला हाती येणार आणि स्वागतसमारंभ सातला असेल, तर त्या तीन तासांत पाइपांचा सांगाडा, कापड, दिवे आणि शेवटी फुले एवढे सगळे उभे करायचे असते. त्यासाठी जास्त माणसे लागतात किंवा चौकटी गोदामातच भरून आणाव्या लागतात, आणि निशिगंधाचे लांब पडदे जागेवर ओवत बसण्याचा विचार सोडावा लागतो. ताबा आदल्या रात्री मिळाला तर तेच काम निवांत होते. शिवाय काही कार्यालये बाहेरच्या डेकोरेटरकडून वेगळे शुल्क घेतात, काही त्याला आतच येऊ देत नाहीत. म्हणून कार्यालयाचे नाव खर्चाच्या आधी विचारतो. खर्चाचा रकाना मोकळा ठेवला तर कोणी आकडा लिहीत नाही, तीन गट दिले की निदान मधल्या गटावर बोट ठेवतात.

अर्थात, ही चाळणी सगळ्यांना लागू पडत नाही. टंकलेखनाचा कंटाळा असलेले आजोबा एकही उत्तर देत नाहीत आणि दुसऱ्या दिवशी विसार घेऊन दारात उभे राहतात. त्यामुळे तारीख आणि कार्यालय सांगून जो गप्प होतो, त्याला मी स्वतः फोन करतो. मामांनी मात्र दोन्ही सांगितले नव्हते.

तरीही ते चिवटपणे 'अंदाजे तरी' म्हणत राहिले. अखेर मी "कार्यालय आणि ताब्याची वेळ कळेपर्यंत हा आकडा धरू नये" असे ठळक लिहून 80 हजार ते दीड लाख असे कळवले. आज सकाळी माझ्याच ओळखीच्या दुसऱ्या डेकोरेटरचा फोन आला: त्याला मामांनी माझा संदेश पुढे पाठवला होता, ठळक ओळ आणि दीड लाख दोन्ही कापून, आणि खाली लिहिले होते, 'हे 80 म्हणतात, तुम्ही 60 मध्ये बसवा.'