सेफ्टीचा भाग आहे म्हणून गाईड खरं ठरत नाही

"मशीननं लिहिलेलं गाईड लगेच ओळखू येतं. भाषा मोडकी असते, आकडे नसतात, सेफ्टीचा भाग नसतो. भाषा नीट, पायऱ्या नंबरवार, शेवटी खबरदारी दिलेली असेल तर बिनधास्त वापरा."

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या शेतकऱ्यांच्या ग्रुपवर हे फिरतंय आणि त्याच्या जोडीला बोअरमध्ये सबमर्सिबल पंप सोडायचं एक गाईडपण फिरतंय, म्हणून तेच समोर घेऊन सांगतो.

आधी सेफ्टीचं बघा. त्या गाईडच्या शेवटी खबरदारी आहे की, पण काय लिहिलंय? ग्लोव्हज घाला, मेन स्विच बंद करा, गरज पडल्यास तज्ज्ञाला विचारा. हे मिक्सर दुरुस्तीच्या गाईडलापण जसंच्या तसं चालेल. ज्यानं पंप खरंच सोडलाय तो वॉर्निंग शेवटी गोळा करून ठेवत नाही, जिथं माणूस चुकतो त्या पायरीलाच थांबवतो. ह्या गाईडची तिसरी पायरी आहे "खाली सोडण्याआधी पंप जमिनीवर दोन मिनिटं चालवून तपासा", आणि तिथं वॉर्निंगचा पत्ताच नाही. अहो, पंपाचे बुश पाण्यावर चालतात, कोरडे फिरले की घासतात. मोटर पाणी भरायची असेल तर तिचं बेअरिंगपण आतल्या पाण्यावरच चालतं, त्यामुळं सोडण्याआधी प्लग काढून स्वच्छ पाणी भरायचं, थोडं थांबायचं, हलवून हवा बाहेर काढायची, पातळी उतरली की परत भरायची आणि मगच प्लग घट्ट करायचा. ऑइल भरलेल्या मोटरीला हे लागू नाही, तिच्यात पाणी घालायचं नसतं. म्हणजे गाईडनं पहिल्यांदा विचारायला पाहिजे की मोटर कुठली आहे, आणि ह्या गाईडमध्ये तो प्रश्नच नाही.

आता नंबरवार पायऱ्या. सहावी म्हणते "एकेक पाईप जोडत पंप हळूहळू खाली सोडा". वाचायला सोपं वाटतं. पण कॉलम पाईप लोखंडी असेल तर पुढचा पाईप आट्यात फिरवताना खालचं सगळं वजन कोण धरणार? म्हणून क्लॅम्पचे दोन जोड लागतात, एक बोअरच्या तोंडावर टेकलेला आणि दुसरा नव्या पाईपला, वरचा चेन पुलीवर नीट बसल्याशिवाय खालचा सोडायचा नाही. क्लॅम्प सटकला तर पंप बोअरमध्ये गेला आणि बोट मधे असेल तर बोटपण. गाईडमध्ये क्लॅम्पचं नावच नाही, केबलला धरून पंप उचलू नका एवढंपण नाही. केबलचा जॉइंट मारायचा तर आठव्या पायरीत सांगितलाय, तोपर्यंत मोटर पाण्यात गेलेली असते! हा क्रम एकदाही कुणी करून बघितलेला नाही हे इथंच कळतं.

आकडे असले म्हणजे बरोबर, हे तर सगळ्यात घातक. गाईड सांगतं "ओव्हरलोड रिले 20 अँपिअरवर सेट करा", किती एचपी ते विचारलेलंच नाही. समजा 5 एचपी थ्री फेज मोटर आहे आणि नेमप्लेटवर 8 अँपिअर लिहिलंय. आपल्याकडं ट्रान्सफॉर्मरवरचा एखादा फ्यूज गेला की मोटर दोन फेजवर चालत राहते, तेव्हा उरलेल्या फेजमधला करंट साधारण पावणेदोन पट होतो, म्हणजे 14 च्या आसपास. रिले 20 वर, मग तो ट्रिप कशाला होतोय, वाइंडिंग जळेपर्यंत गप्प बसणार. सेटिंग नेमप्लेटच्या करंटला धरून करायचं असतं, आणि नेमप्लेट बघायला न सांगता थेट आकडा देणारं गाईड माझ्या दृष्टीनं तिथंच बाद.

राहिली भाषा. आमच्याकडं रिवाइंडिंगवाले अर्धं कन्नड अर्धं मराठी बोलतात, व्हॉइस मेसेजला ना शेंडा ना बुडखा, पण त्यात "जॉइंट मारल्यावर बादलीत बुडव, मग मेगर लाव" हे असतं. जॉइंट पाण्यात ठेवून वायर आणि पाण्यात इन्सुलेशन मोजायचं, कमी भरलं तर सोडण्याआधीच जॉइंट परत करायचा. नीटनेटक्या गाईडमध्ये फक्त "जॉइंट व्यवस्थित करा". व्यवस्थित झाला हे कळणार कसं?

एक मात्र मान्य करायला पाहिजे. असल्या खुणांवरून गाईड मशीननंच लिहिलं असं छातीठोक सांगता येत नाही, कारण माणसंपण इकडून तिकडून कॉपी करून असंच लिहितात. पण लिहिणाऱ्यानं ते काम केलेलं नाही एवढं नक्की कळतं, आणि पंप सोडणाऱ्याला तेवढं पुरतं. ते गाईड ज्यांनी फॉरवर्ड केलंय त्यांनी निदान तिसरी पायरी आणि रिलेचा आकडा चुकीचा आहे असं खाली लिहून टाका, सोडायचं काम सुरू व्हायच्या आत.