मान जरा वळवा ना!

आईच्या फोटोवरून काढायच्या डिजिटल चित्राचं स्केच पाठवलं तेव्हा "मस्त, पुढे जा" म्हणालात. मग रंग, छटा, दागिने सगळं पूर्ण झाल्यावर "आईची मान जरा डावीकडे वळवा ना, दोन मिनिटांचं तर काम आहे" हे कुठून येतं? मान वळली की डोळ्या-नाकातलं अंतर बदलतं, गालावरची सावली सरकते, नथ, कुड्या, मंगळसूत्र सगळं नव्याने बसवावं लागतं. लेयर वेगळे असले तरी डोकं नुसतं फिरवता येत नाही! म्हणूनच स्केचच्या टप्प्यावर दोन बदल फुकट देते आणि रंग चढल्यावर फक्त रंगाची किरकोळ दुरुस्ती. ऑर्डर घेतानाच हे लिहून पाठवते. वाचतं कोण?

आणि दर! "चेहरा एवढ्यात होतो, मग पूर्ण चित्राला तिप्पट का?" अहो, साध्या सुती साडीला आणि पैठणीला सारखाच वेळ लागतो का? पदरावरचा प्रत्येक मोर चुणीबरोबर वाकवावा लागतो, घडीत अर्धा दडवावा लागतो. तयार नक्षी चिकटवली तर ती कापडावर न बसता सपाट तरंगते, बघताक्षणी कळतं.

त्यात फोटो कसला, तर अल्बमवरून मोबाइलने काढलेला, व्हॉट्सअ‍ॅपवर चार जणांकडून फिरून आलेला. मोठा केला की डोळ्यांच्या जागी नुसते चौकोन. आणि चित्र मात्र हुबेहूब हवं!

यापुढे मान वळवायची तर नवं स्केच, नवे पैसे. निम्मी रक्कम जमा झाल्याशिवाय मी पेन हातात धरणार नाही.