खड्यांच्या ट्रेने खोली दमट होत नाही

“कुंडीखाली खडे-पाण्याचा ट्रे ठेवा, रोज फवारा मारा, पुण्याच्या उन्हाळ्यातही कॅलाथियाची पानं करपत नाहीत,” असा सल्ला नेहमी ऐकू येतो.

एप्रिलमध्ये कोथरूडच्या आमच्या हॉलमध्ये दुपारी हवेतला दमटपणा मोजणारा स्वस्तातला हायग्रोमीटर २८ टक्के दाखवत होता. ट्रेच्या अगदी वर, पानांजवळ धरला तर ३०. हातभर वर नेला की पुन्हा २८. पंखा लावल्यावर तेवढाही फरक उरला नाही. फवाऱ्याने आकडा झपकन चढला, पण पानं वाळताच दहा-पंधरा मिनिटांत मूळपदावर. सात-आठ कुंड्या दाटीने ठेवल्यावर मधोमध ३३ मिळाले, कारण पानं स्वतःच बाष्प सोडतात. मात्र मावा-कोळीही तितक्याच सहज पसरतात.

खरा फरक बंदिस्त जागेत पडतो. काचेच्या कपाटात तेच झाड ठेवलं तर ६० सहज दिसतात.

या स्वस्त यंत्रांवर डोळे झाकून विश्वास नको. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी घाला आणि हायग्रोमीटरसोबत हवाबंद डब्यात आठेक तास ठेवा. आकडा ७५ यायला हवा. माझा ७० दाखवतो, म्हणून वरच्या आकड्यांत पाचेक मिळवून वाचा.