एका इंचाची फट भूकंपासाठी का पुरत नाही

«दोन इमारतींमध्ये एक इंचाची फट ठेवली की भूकंपाचं काम भागतं, एक्स्पान्शन जॉइंट तेवढाच तर असतो. एक इमारत उंच आणि शेजारची ठेंगणी असेल तर उलट बरंच, ठेंगणी इमारत उंच इमारतीला धरून ठेवते. शिवाय पुणे-मुंबई भूकंपाच्या झोन तीनमध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात आहे, इथे एवढी काळजी करण्याचं कारण नाही.» असे अनेकदा ऐकायला मिळते.

एक्स्पान्शन जॉइंट तापमानासाठी असतो. ४५ मीटर लांबीच्या काँक्रीटच्या इमारतीचे तापमान २० अंशांनी बदलले तर तिची लांबी साधारण ९ मिलिमीटरने बदलते आणि हा बदलही सावकाश होतो, त्यामुळे २५ मिलिमीटरच्या जॉइंटमध्ये तो आरामात मावतो. भूकंपात मात्र प्रत्येक इमारत पायापासून वर आपापल्या गतीने डोलते. तिथे फटीची रुंदी लांबीवरून ठरत नाही, तर दोन्ही इमारती एकाच वेळी एकमेकींकडे किती झुकतील यावरून ठरते. २५ मिलिमीटर हा आकडा भूकंपाच्या संदर्भातही आढळतो, हे खरे आहे. आयएस ४३२६ या भारतीय मानकात एका ठरावीक भूकंप गुणांकासाठी मजल्यामागे किती फट हवी हे दिले आहे, काँक्रीटच्या फ्रेमसाठी ते प्रमाण मजल्यामागे २० मिलिमीटर आहे, आणि तळटीपेत एकूण फट २५ मिलिमीटरपेक्षा कमी नसावी असे म्हटले आहे. म्हणजे हा आकडा खालची मर्यादा आहे. चार मजल्यांसाठी तोच तक्ता ८० मिलिमीटर सांगतो.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत करून पाहू. एखाद्या पेठेत भिंतीला भिंत लागून उभ्या असलेल्या घरांपैकी एकाचा पुनर्विकास होतो आहे. शेजारी १२ मीटर उंचीची चार मजली जुनी इमारत आहे आणि नवी इमारत दहा मजली, सुमारे ३० मीटर उंचीची होणार आहे. टक्कर होऊ शकेल अशी सर्वांत वरची जागा जुन्या इमारतीची गच्ची आहे, म्हणून दोन्ही इमारतींचे विस्थापन, म्हणजे त्या आडव्या किती सरकतात, हे १२ मीटरच्या पातळीवर पाहायचे. नव्या इमारतीच्या माथ्याचे विस्थापन इथे कामाचे नाही. समजा, सॉफ्टवेअरने या पातळीवर नव्या इमारतीचे विस्थापन ११ आणि जुनीचे १० मिलिमीटर दाखवले. झोन तीनमधल्या मध्यम जमिनीवर अशा इमारतींसाठी हे आकडे अगदी संभाव्य आहेत. बेरीज २१ मिलिमीटर होते, म्हणजे एका इंचापेक्षा कमी.

«एक इंच पुरतो» हा समज अनुभवी लोकांमध्येही टिकून आहे, त्याचे कारण माझ्या मते नेमके इथे आहे. सॉफ्टवेअरमधले विस्थापन कमी केलेल्या बलाखाली काढलेले असते. इमारत तडे सोसून ऊर्जा जिरवेल असे गृहीत धरून संकल्पनेचे बल ‘आर’ या गुणांकाने भागलेले असते. न तुटता वाकेल अशी सळ्यांची मांडणी असलेल्या नव्या फ्रेमसाठी हा गुणांक ५ असतो आणि साध्या जुन्या फ्रेमसाठी ३. बल भागून घेतले म्हणून इमारत प्रत्यक्षात कमी हलत नाही. म्हणूनच भूकंपरोधक संकल्पनेचे भारतीय मानक असलेल्या आयएस १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीत फट ठरवताना विस्थापन पुन्हा आरने गुणायला सांगितले आहे. नव्या इमारतीचे ११ गुणिले ५ म्हणजे ५५ आणि जुनीचे १० गुणिले ३ म्हणजे ३० मिलिमीटर होतात, आणि त्यांची बेरीज ८५ मिलिमीटर. दोन्ही इमारतींचे कमाल झुकणे एकाच क्षणी येईल असे नाही, हा आक्षेप रास्त आहे, आणि अमेरिकन मानकात त्यासाठी वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ घेण्याची मुभाही आहे. तसे केले तरी उत्तर ६३ मिलिमीटर येते. सवलतीचा हिशेबही एका इंचाच्या अडीचपट आहे.

उंचीतला फरक बरा, हा मुद्दा सर्वांत घातक आहे. सारख्या उंचीच्या आणि सारख्या बांधणीच्या दोन इमारती बऱ्याच अंशी एकत्र डोलतात. चार मजली इमारतीचा आवर्तकाल, म्हणजे एकदा डोलून परत येण्याचा काळ, आणि दहा मजली इमारतीचा आवर्तकाल यांत मात्र मोठे अंतर असते, त्यामुळे एक डावीकडे निघाली असताना दुसरी उजवीकडे येत असते आणि त्या समोरासमोर भेटतात. ठेंगणी इमारत उंच इमारतीचे झुकणे काही प्रमाणात अडवते, हे खोटे नाही. पण ती हे काम धडकेने करते. उंच इमारतीचा खालचा भाग अचानक थांबतो, वरचा भाग पुढे जातच राहतो आणि सगळा ताण टकरीच्या पातळीलगतच्या मजल्यांवर येतो. १९८९ च्या लोमा प्रिएटा भूकंपात सॅन फ्रान्सिस्को परिसरात एका दहा मजली इमारतीची शेजारच्या पाच मजली इमारतीशी अशीच टक्कर झाली, आणि मधली फट जेमतेम काही सेंटिमीटर होती.

आमच्या उदाहरणात आणखी एक गोष्ट पाहावी लागेल. पार्किंगच्या मजल्यामुळे नव्या इमारतीचे स्लॅब समजा १०.५ आणि १३.५ मीटरवर येतात. मग जुन्या गच्चीचा स्लॅब नव्या इमारतीच्या कॉलमच्या बरोबर मध्यावर आदळेल. स्लॅबवर स्लॅब आदळला तर कडा फुटतात, गिलावा पडतो, आणि बहुतेक वेळा नुकसान तिथेच थांबते. कॉलमच्या मध्यावर स्लॅब आदळला तर कॉलम आडवा कापला जाण्याचा धोका असतो, आणि त्याच्यावर तर सहा-सात मजल्यांचा भार असतो.

झोन तीनच्या मुद्द्याला एकच उत्तर पुरेसे आहे. २००१ च्या भूज भूकंपाच्या वेळी अहमदाबादही झोन तीनमध्येच होते आणि केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर होते. तिथे बहुतेक इमारती मोकळ्या पार्किंगच्या मजल्यामुळे पडल्या, पण लगतच्या इमारती एकमेकींवर आदळून झालेले नुकसानही पाहणीत नोंदले गेले.

नकाशावरची फट जागेवर उरते का, हेही पाहायला हवे. शटरिंगची फळी आत अडकून राहते, स्लॅब ओतताना सिमेंटचे पाणी उतरून घट्ट होते, आणि दोन्ही बाजूंचा गिलावा मिळून तीन-चार सेंटिमीटर खाऊन टाकतो. जुनी भिंत ओळंब्यात नसेल तर खाली ८५ मिलिमीटर असलेली फट गच्चीजवळ ५० भरते. म्हणून माप गच्चीच्या पातळीवर, गिलावा झाल्यानंतर घ्यावे, आणि वरून टॉर्च मारून खालपर्यंत उजेड पोहोचतो का ते पाहावे. फट झाकणारा वरचा पत्रा एकाच बाजूला पक्का असावा, म्हणजे दुसऱ्या बाजूला तो सरकू शकेल.

जुन्या इमारतीने स्वतःची जागा सोडलेली नसते, त्यामुळे हे सगळे ८५ मिलिमीटर नव्या बांधकामाला आपल्याच प्लॉटमधून द्यावे लागतात. चिंचोळ्या प्लॉटवर ते जड जाते, याची मला कल्पना आहे. तेव्हा काँक्रीटच्या भिंती योग्य जागी घालून नवी इमारत ताठ करावी, म्हणजे तिचे विस्थापन आणि पर्यायाने लागणारी फट खरोखर कमी होते. स्लॅबच्या पातळ्या जुळवता येत असतील तर त्या संकल्पनेच्या सुरुवातीलाच जुळवाव्यात, आणि तेही शक्य नसेल तर शेजाऱ्याकडच्या कडेला सुटे कॉलम न ठेवता फटीला काटकोनात उभ्या काँक्रीटच्या भिंती द्याव्यात, म्हणजे धडक बसलीच तरी ती भार वाहणाऱ्या कॉलमच्या मध्यावर बसणार नाही.